ग्रोथ की डिव्हिडंड? म्युच्युअल फंडाचा पर्याय निवडण्याआधी करायचा हिशेब

म्युच्युअल फंडात पहिल्यांदा पैसे भरताना योजना ठरते, रक्कम ठरते, आणि मग एक छोटा प्रश्न समोर येतो: ग्रोथ हवं की डिव्हिडंड? बरेच जण तिथे फार न थांबता काहीतरी निवडून पुढे जातात. ‘डिव्हिडंड’ हा शब्द शेअरवाल्या घरांत ऐकलेला असतो, त्यामुळे ‘मुद्दल तसंच राहून वर काहीतरी मिळतं’ असं वाटून तो निवडला जातो. म्युच्युअल फंडात मात्र मुद्दल तसंच राहत नाही. आणि वरच्या स्लॅबमधल्या माणसाला या एका निवडीमुळे दहा वर्षांत लाखांच्या घरात जास्त कर भरावा लागू शकतो.

लेखातले कराचे दर २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून इथे कलमं देत बसत नाही.

पहिली पायरी: नाव नीट वाचा

अ‍ॅपवर किंवा फंड कंपनीच्या संकेतस्थळावर आता ‘डिव्हिडंड’ हा शब्द बहुधा दिसणार नाही. एकाच योजनेच्या नावापुढे Growth, IDCW Payout आणि काही ठिकाणी IDCW Reinvestment असं लिहिलेलं दिसेल. यातल्या आयडीसीडब्ल्यूचा अर्थ ‘उत्पन्नाचं वाटप आणि भांडवलाची उचल’ असा आहे. सेबीने ऑक्टोबर २०२० मध्ये परिपत्रक काढलं आणि १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या फंडांना जुनं नाव बदलायला लावलं. नवं नाव उच्चारायला अवघड आहे, पण खरं आहे. वाटल्या जाणाऱ्या पैशात तुमचं स्वतःचं भांडवलही असू शकतं, ही गोष्ट त्यात दडवलेली नाही. बोलताना मात्र सगळे अजून डिव्हिडंडच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे.

नावातला Direct किंवा Regular हा भाग वेगळा. तो वितरकाच्या कमिशनशी संबंधित आहे, या विषयाशी नाही.

ग्रोथ, पेआउट आणि रीइन्व्हेस्टमेंट हे तीन वेगळे फंड नव्हेत, हे इथेच पक्कं करून घ्या. पैसा एकाच पेटीत असतो. तोच फंड मॅनेजर, तेच शेअर, तेच रोखे, तोच खर्च. फरक एवढाच की झालेला नफा ग्रोथमध्ये आतच राहतो आणि डिव्हिडंडमध्ये अधूनमधून बाहेर काढला जातो. म्हणूनच ग्रोथची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ३०० रुपये आणि त्याच योजनेच्या डिव्हिडंड पर्यायाची ४० रुपये असं चित्र जुन्या फंडांत सर्रास दिसतं. चाळीसवाला ‘स्वस्त’ असतो असं मुळीच नाही. त्यातून इतकी वर्षं पैसे काढले गेले, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी पायरी: डिव्हिडंडच्या दिवशी नेमकं काय होतं ते बघा

फंडाच्या विश्वस्तांनी वाटप ठरवलं की जाहीर सूचना निघते आणि त्यात रेकॉर्ड डेट दिलेली असते. त्या तारखेला ज्यांच्या नावावर युनिट आहेत त्यांना पैसे मिळतात. सध्याच्या नियमाप्रमाणे रेकॉर्ड डेटपासून सात कामकाजी दिवसांत रक्कम द्यावी लागते. इथपर्यंत सगळं शेअरसारखंच.

आता एनएव्हीकडे बघा. समजा एनएव्ही ५० रुपये होती आणि युनिटमागे ५ रुपये जाहीर झाले. वाटप झालं की एनएव्ही ४५ होते, त्या दिवशी बाजार वर-खाली झाला असेल तर तेवढा फरक वेगळा. तुमच्याकडे २,००० युनिट असतील तर आधी १,००,००० रुपयांची गुंतवणूक होती. आता ९०,००० ची गुंतवणूक आणि बँकेत १०,००० आहेत. बेरीज तीच. गायीचं दूध काढलं तर गाय तेवढीच राहते, इथे मात्र दुधाच्या मापाने गायच कमी होते.

यातूनच नवख्यांना अडकवणारा एक प्रकार निघतो. ‘पुढच्या आठवड्यात मोठा डिव्हिडंड येतोय, आत्ता घ्या’ असा निरोप येतो. वरच्या उदाहरणात तुम्ही रेकॉर्ड डेटच्या दोन दिवस आधी एक लाख भरले असते तर काय झालं असतं? दहा हजार परत आले असते, नव्वद हजार आत राहिले असते आणि त्या दहा हजारांवर, ३० टक्के स्लॅब असेल तर उपकरासह ३,१२० रुपये कर लागला असता. म्हणजे नफा शून्य आणि वर कर. युनिट विकून दहा हजारांचा तोटा दाखवला तरी तो भांडवली तोटा धरला जातो. भांडवली नफ्यातूनच तो वजा होतो, डिव्हिडंडच्या उत्पन्नातून होत नाही.

दुसरा सापळा टक्क्यांचा. ‘या फंडाने २० टक्के डिव्हिडंड दिला’ असं कुणी सांगितलं तर ते २० टक्के बहुधा युनिटच्या १० रुपये दर्शनी किमतीवर असतात, म्हणजे युनिटमागे २ रुपये. एनएव्ही ४५ असेल तर तुमच्या पैशावर ते साडेचार टक्केही भरत नाहीत. विचारायचा प्रश्न एकच: युनिटमागे किती रुपये, आणि आजची एनएव्ही किती?

डिव्हिडंडमध्ये भांडवल कसं येतं, तेही थोडक्यात. तुम्ही ५० रुपये एनएव्हीला युनिट घेता तेव्हा त्या ५० रुपयांत फंडाने आधीच कमावलेल्या नफ्याचा वाटा धरलेला असतो. तुमच्यापुरता तो नफा नाही, तुम्ही त्याची किंमत रोख मोजलेली आहे. फंड तो भाग एका वेगळ्या राखीव खात्यात धरतो आणि पुढे त्यातूनही वाटप होऊ शकतं. वाटलेल्या रकमेतलं उत्पन्न किती आणि भांडवल किती, हे तुमच्या एकत्रित खातेउताऱ्यात वेगळं दाखवणं सेबीने बंधनकारक केलं आहे. उतारा आला की तो रकाना एकदा डोळ्यांखालून घाला. आयकर खात्याला मात्र या फोडीशी देणंघेणं नाही. हातात आलेली पूर्ण रक्कम करपात्र.

तिसरी पायरी: कराचे दोन वेगळे रस्ते समजून घ्या

३१ मार्च २०२० पर्यंत डिव्हिडंड गुंतवणूकदाराच्या हातात करमुक्त असायचा. कर फंड कंपनीच भरायची आणि उरलेली रक्कम आपल्याला मिळायची. जुन्या मंडळींच्या डोक्यात ‘डिव्हिडंड टॅक्स-फ्री असतो’ हे बसलेलं आहे ते त्या काळातलं. १ एप्रिल २०२० पासून तो कर रद्द झाला आणि जबाबदारी आपल्याकडे आली.

आता डिव्हिडंड ‘इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न’ या सदरात पगाराच्या, पेन्शनच्या, व्याजाच्या बेरजेत मिसळतो आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे त्यावर कर लागतो. फंड शेअरचा असो की रोख्यांचा, डिव्हिडंडला नियम एकच.

एका फंड कंपनीकडून वर्षात १०,००० रुपयांपेक्षा जास्त डिव्हिडंड आला तर ती १० टक्के टीडीएस कापून उरलेले देते. ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पूर्वी ५,००० होती. टीडीएस म्हणजे शेवटचा कर नव्हे. तुमचा स्लॅब ३० चा असेल तर उरलेला कर तुम्हालाच भरायचा असतो आणि कर बसतच नसेल तर रिटर्न भरून टीडीएस परत मागायचा असतो. अनिवासी भारतीयांना दहा हजारांची सवलत नाही. त्यांच्या डिव्हिडंडवर पहिल्या रुपयापासून २० टक्के, वर अधिभार-उपकर, अशी कपात होते. राहत्या देशाशी असलेल्या करारात कमी दर असेल तर तिथलं कर-निवासी प्रमाणपत्र देऊन तो मागता येतो. दुबई-न्यूजर्सीत बसून इथल्या फंडात डिव्हिडंड पर्याय ठेवणाऱ्यांनी एवढं तरी तपासावं.

ग्रोथमध्ये युनिट विकेपर्यंत कर नाही. विकले की भांडवली नफा, आणि तोही फक्त नफ्याच्या भागावर. भारतीय कंपन्यांच्या शेअरमध्ये ६५ टक्के किंवा अधिक पैसा ठेवणाऱ्या फंडाचे युनिट १२ महिन्यांहून जास्त ठेवून विकले तर तो दीर्घकालीन नफा. एका आर्थिक वर्षात असा एकूण १,२५,००० रुपयांपर्यंतचा नफा करमुक्त, त्यापुढे १२.५ टक्के. वर्षाच्या आत विकले तर २० टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासूनचे आहेत.

रोख्यांच्या फंडांचं गणित निराळं आहे. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचे युनिट कितीही वर्षांनी विकले तरी नफा स्लॅबप्रमाणेच करपात्र. मग तिथे ग्रोथचा उपयोग काय, असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर पुढच्या हिशेबात आहे.

चौथी पायरी: एकच उदाहरण शेवटपर्यंत सोडवा

सुनंदाताई आणि त्यांचा भाऊ श्रीकांत, दोघं काल्पनिक. दोघांचा स्लॅब ३० टक्के, म्हणजे उपकर धरून ३१.२. दोघांनी एकाच इक्विटी फंडात १० लाख रुपये घातले, १०० रुपये एनएव्हीने प्रत्येकी १०,००० युनिट. सुनंदाताईंनी डिव्हिडंड पेआउट घेतला, श्रीकांतने ग्रोथ. दोघांनाही वर्षाला ८०,००० रुपये हवेत. सोयीसाठी फंड दरवर्षी बरोबर १० टक्के वाढतो असं धरू. प्रत्यक्षात असा सरळ चालणारा इक्विटी फंड कुठेच नाही.

वर्षाने एनएव्ही ११० झाली. सुनंदाताईंच्या पर्यायात युनिटमागे ८ रुपये जाहीर झाले. ८०,००० मिळाले, एनएव्ही १०२ वर आली, गुंतवणूक उरली १०,२०,०००. पूर्ण ८०,००० उत्पन्नात धरले गेले, कर २४,९६०. त्यातले ८,००० टीडीएसमध्ये आधीच गेले, उरलेले रिटर्नच्या वेळी.

श्रीकांतने वर्ष उलटून गेल्यावर ११० च्या भावाने ७२७.२७ युनिट विकले. त्यालाही ८०,००० मिळाले आणि उरलेल्या युनिटांची किंमत तीच, १०,२०,०००. पण या ८०,००० मध्ये नफा किती? विकलेले युनिट त्याला १०० च्या भावाने ७२,७२७ रुपयांना पडले होते. नफा ७,२७३. सव्वा लाखाच्या आत, म्हणून कर शून्य. समजा सव्वा लाखाची सूट दुसऱ्या फंडाने आधीच खाल्ली असती, तरी ७,२७३ वर १२.५ टक्के आणि उपकर मिळून ९४५ रुपये.

म्हणजे तोच फंड, हातात तेवढेच पैसे, आत उरलेले पैसेही तेवढेच, आणि कर २४,९६० विरुद्ध शून्य. डिव्हिडंडमध्ये बाहेर आलेला प्रत्येक रुपया उत्पन्न धरला जातो. युनिट विकल्यावर त्या रुपयातलं मुद्दल बाजूला काढून उरलेल्या फोडीवरच कर लागतो.

आता श्रीकांतच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण इथेच थांबतात. ते बरोबर नाही, कारण त्याचा सगळा कर माफ झालेला नाही, बराचसा पुढे ढकलला गेला आहे. दुसऱ्या वर्षी एनएव्ही १२१ असताना तेच ८०,००० काढले तर त्यात १३,८८४ नफा निघतो. दहाव्या वर्षी एनएव्ही २५९ च्या आसपास असेल तेव्हा ८०,००० पैकी सुमारे ४९,००० नफा. दरवर्षी फोड मोठी होत जाते. शिवाय आत उरलेल्या युनिटांमध्येही नफा साठत जातो.

म्हणून शेवटपर्यंत जाऊ. दहा वर्षं दोघांनी दरसाल ८०,००० घेतले, तर दोघांकडेही सारखेच, साधारण १३.१९ लाख उरतील. सुनंदाताईंनी तोवर दरवर्षीचे २४,९६० मिळून जवळपास अडीच लाख कर भरलेला असेल. श्रीकांतने काहीच नाही, कारण त्याचा नफा दरवर्षी सव्वा लाखाच्या आत राहिला. आता पुढच्या आर्थिक वर्षात दोघांनी सगळं विकलं असं समजू, मधली वाढ सोडून देऊ. सुनंदाताईंचे १०,००० युनिट मूळ १० लाखांचे, नफा सुमारे ३.१९ लाख, सव्वा लाख वजा जाऊन कर २५,००० च्या घरात. श्रीकांतकडे ५,०८४ युनिटच उरले, त्यांची खरेदी किंमत ५.०८ लाख, नफा ८.१० लाख, कर सुमारे ८९,०००. शेवटच्या दिवशी त्याला जास्त भरावा लागला, पण एकूण बेरीज बघा: सुनंदाताई २ लाख ७५ हजार, श्रीकांत ८९ हजार. त्यानेही एकदम न विकता दोन-तीन आर्थिक वर्षांत विभागून विकलं तर सव्वा लाखाची सूट प्रत्येक वर्षी वेगळी मिळेल आणि आकडा आणखी खाली येईल.

डेट फंडाचं उत्तरही यातच आहे. १० लाख, वर्षाला ७ टक्के वाढ, हवेत ७०,०००. डिव्हिडंड घेतला तर ७०,००० वर २१,८४० कर. ग्रोथचे तेवढ्याच रकमेचे युनिट विकले तर त्यात नफा ४,५७९, आणि स्लॅबने लागला तरी कर १,४२९. दर सारखाच, पण लागतो तो छोट्या फोडीवर. बाकीचा नंतर कधीतरी भरावा लागेलच. तोवर तो पैसा फंडात वाढत राहतो, आणि निवृत्तीनंतर तुमचा स्लॅबच खाली आला तर तेव्हा दरही कमी.

पैसे काढायचेच नसतील, तर विचार करण्यासारखं फारसं काही नाही. दहा लाख दहा वर्षं १० टक्क्यांनी ग्रोथमध्ये ठेवले तर २५.९४ लाख होतात, एकदम विकून कर भरल्यावर हातात २४ लाख. दरवर्षीचा सगळा नफा डिव्हिडंड म्हणून जाहीर होऊन, ३१.२ टक्के कर जाऊन, उरलेला पुन्हा गुंतत गेला तर १९.४५ लाख. रीइन्व्हेस्टमेंट पर्यायात होतं ते साधारण हेच. पैसे हातात येत नाहीत, कर मात्र हातात आल्यासारखा लागतो, आणि टीडीएस लागला तर तो कापून उरलेल्याच रकमेचे युनिट मिळतात. वरच्या स्लॅबच्या माणसाने हा पर्याय का निवडावा, याचं एकही पटणारं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

पाचवी पायरी: डिव्हिडंड कुणाला चालेल

कराचा हा सगळा फरक स्लॅबवर उभा आहे. नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या एकूण उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि डिव्हिडंड हे साधं स्लॅबचं उत्पन्न असल्याने ती सवलत त्यालाही मिळते. पेन्शन, मुदतठेवीचं व्याज आणि डिव्हिडंड मिळून सात-आठ लाख होत असतील, तर अशा निवृत्त माणसाला डिव्हिडंडवर काहीच भरावं लागत नाही. टीडीएस कापला गेला तर रिटर्न भरून परत मिळतो. गंमत अशी की ही सवलत इक्विटीच्या दीर्घकालीन नफ्याला लागू नाही. सव्वा लाखाच्या वर नफा गेला तर तिथे १२.५ टक्के लागू शकतात. तेव्हा ‘डिव्हिडंड म्हणजे मूर्खपणा’ असं सरसकट म्हणणाऱ्याने समोरच्याचा स्लॅब विचारलेला नसतो.

तरीही अशा माणसालाही मी डिव्हिडंडवर घरखर्च लावायला सांगणार नाही, आणि त्याचं कारण कर नाही. डिव्हिडंड किती आणि कधी, हे तुमच्या हातात नसतं. वाटण्याजोगी शिल्लक असेल आणि विश्वस्तांनी ठरवलं तरच तो येतो. २०१५ ते २०१८ च्या काळात बॅलन्स्ड फंड ‘दरमहा एक टक्का’ म्हणून निवृत्तांना भरपूर विकले गेले. बाजार चढत होता तोवर ते जमलं. २०१८ मध्ये वारं फिरल्यावर अनेक फंडांनी रक्कम कमी केली, काहींनी खंड पाडला. मुदतठेव मोडून आलेल्या लोकांना तेव्हा कळलं की त्यांना कुणी दरमहाचं वचन दिलेलंच नव्हतं. योजनेच्या कागदपत्रांत ते कधीच नव्हतं, बोलण्यात होतं.

सहावी पायरी: दरमहा पैसे हवे असतील तर एसडब्ल्यूपी लावा

ग्रोथमधून नियमित रक्कम काढण्याच्या सोयीला एसडब्ल्यूपी म्हणतात. तुमचा फोलिओ, म्हणजे फंडातलं खातं, उघडा, SWP निवडा, दरमहाची रक्कम, तारीख आणि बँक खातं भरा. त्या तारखेला फंड तेवढ्या रकमेचे युनिट आपोआप विकतो, आणि जे आधी घेतले ते आधी विकले जातात. निवासी भारतीयांना यावर टीडीएस नाही, अनिवासींना नफ्यावर आहे.

सुरुवात कधी करायची हे महत्त्वाचं. पैसे भरल्या महिन्यापासून एसडब्ल्यूपी लावली तर इक्विटी फंडात पहिल्या वर्षीचे सगळे युनिट अल्पकालीन ठरतात, नफ्यावर २० टक्के. शिवाय बऱ्याच योजनांत वर्षाच्या आत काढल्यास एक्झिट लोड नावाचं शुल्क लागतं. काही योजना ठरावीक हिस्सा लोडविना काढू देतात, ते योजनेच्या माहितीपत्रकात बघा. पहिल्या वर्षाचा खर्च लिक्विड फंडात किंवा बचत खात्यात वेगळा ठेवून एसडब्ल्यूपी तेराव्या महिन्यापासून लावणं सोपं पडतं.

एसडब्ल्यूपीचा धोका उलट बाजूचा आहे. डिव्हिडंड वाईट वर्षात आपोआप आटतो, एसडब्ल्यूपी आटत नाही. एनएव्ही ११० वरून ८० वर आली तर तेच ८०,००० काढायला ७२७ ऐवजी १,००० युनिट विकावे लागतात आणि बाजार सावरला तरी गेलेले युनिट परत येत नाहीत. असं दोन वर्षं सलग झालं तर रक्कम तात्पुरती कमी करा किंवा थांबवा. तशी मुभा आहे, पण तो निर्णय तुम्हालाच घ्यावा लागतो. लक्षात कसं येईल? उताऱ्यात रुपयांचा आकडा न बघता वर्षभरात युनिट किती टक्के कमी झाले ते बघा. फंडाच्या सरासरी वाढीपेक्षा युनिट वेगाने घटत असतील तर मुद्दल खाल्लं जातंय.

सातवी पायरी: आधीच डिव्हिडंडमध्ये असाल तर

डिव्हिडंडमधून ग्रोथमध्ये जाता येतं. त्याच फोलिओत Switch निवडून त्याच योजनेचा ग्रोथ पर्याय घ्यायचा. मात्र करासाठी ही विक्री आणि नवी खरेदी मानली जाते. फंड तोच आहे, पैसे खात्यात आलेच नाहीत, ही सबब चालत नाही.

चांगली बातमी अशी की डिव्हिडंडच्या युनिटांत नफा सहसा कमी साठलेला असतो, कारण तो वाटून झालेला असतो. सुनंदाताईंनी पहिल्या वर्षानंतर स्विच केलं असतं तर नफा फक्त २०,००० आणि कर शून्य. नव्या युनिटांची तारीख मात्र स्विचच्या दिवसापासून धरली जाते, म्हणून एसडब्ल्यूपीसाठी पुन्हा बारा महिने मोजायचे. एक्झिट लोड लागतो का ते आधी बघून घ्या.

दोन ठिकाणी घाई करू नका. डेट फंडाचे युनिट १ एप्रिल २०२३ पूर्वीचे असतील तर दोन वर्षांहून जुने म्हणून त्यांच्या नफ्यावर आज १२.५ टक्केच लागतात. स्विच केलंत की नवे युनिट नव्या नियमात जातात आणि पुढचा सगळा नफा स्लॅबमध्ये. आणि ईएलएसएस या करबचतीच्या फंडांमध्ये तीन वर्षांची मुदत संपल्याशिवाय स्विच होणारच नाही.

शेवटची पायरी: रिटर्न भरताना

फंडांचे हिशेब ठेवणाऱ्या कॅम्स आणि केफिनटेक या दोन संस्थांच्या संकेतस्थळांवरून भांडवली नफ्याचा आणि डिव्हिडंडचा वार्षिक उतारा मिळतो. तो आयकर पोर्टलवरच्या AIS शी, म्हणजे तुमच्या वार्षिक माहिती विवरणाशी, ताडून बघा. AIS मध्ये एसडब्ल्यूपीने विकलेल्या युनिटांची पूर्ण विक्री रक्कम दिसते आणि ती बघून लोक घाबरतात. कर त्यातल्या नफ्यावर आहे, आणि तो आकडा कॅम्स-केफिनटेकच्या उताऱ्यातून घ्यायचा. सव्वा लाखापर्यंतचा इक्विटीचा दीर्घकालीन नफा आता आयटीआर-१ मध्येही दाखवता येतो, मात्र त्या वर्षी अल्पकालीन नफा झाला असेल तर आयटीआर-२ कडे जावं लागतं.

डिव्हिडंडचा आकडा टीडीएस कापण्यापूर्वीचा लिहायचा. बँकेत ७२,००० जमा झाले असले तरी उत्पन्न ८०,००० आणि कापलेले ८,००० वेगळे, कराच्या रकान्यात. रीइन्व्हेस्टमेंटवाल्यांच्या बँक पासबुकात तर एकही नोंद नसते, म्हणून त्यांच्याकडून हे उत्पन्न हमखास राहून जातं. AIS मध्ये ते असतं, आणि नोटीस त्यावरूनच येते.